स्पर्श ओळखणारी तांब्याची चकती



चाकण, महाळुंगे, भोसरी या भागातल्या कारखान्यांत आपल्या गावोगावची मुले कामाला जातात. त्यांपैकी कोणी प्रेस शॉपमध्ये असेल तर त्याला विचारून पाहा. तो सांगेल की पत्रा साच्यात ठेवला, की दोन्ही हात दोन बाजूंच्या दोन बटणांवर ठेवावे लागतात. तेव्हाच प्रेस खाली येतो. काही यंत्रांवरची ही बटणे आत जात नाहीत, खटका वाजत नाही. नुसता तळवा टेकला की पुरे. तुमच्या खिशातल्या मोबाइलची काचही अशीच. ती दाबावी लागत नाही, टेकले की कळते.

न दाबता हे कळते कसे? आणि कळते म्हणजे नेमके काय कळते? आज मी तुम्हांला यातला सर्वांत साधा प्रकार सांगणार आहे. तो शाळेतल्या टेबलावर करून पाहता येतो. त्याला तांब्याची एक चकती, एक रेझिस्टर आणि एक मायक्रोकंट्रोलर एवढेच लागते. शेवटी पुन्हा त्या प्रेसकडे यायचे आहे. का, ते तेव्हा सांगेन.

हा प्रयोग आपल्या भागाला परका नाही. चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकायचे, ही तिथली रीत. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी 'फॅब लॅब' नावाच्या छोट्या कार्यशाळांची कल्पना काढली, आणि त्या संस्थेच्या आवाराबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या कार्यशाळांपैकी एक २००२ साली या पाबळला उभी राहिली. गर्शेनफेल्ड यांच्या अभ्यासक्रमात तांब्याचा तुकडा आणि मायक्रोकंट्रोलर यांच्या साह्याने हाताची चाहूल घेण्याचा एक धडा असतो. आजचा विषय त्याच जातीचा आहे.

प्रथम तत्त्व पाहू. एक हंडा आहे आणि त्यावर बारीक धारेचा नळ सोडला आहे. हंडा अर्धा भरायला किती वेळ लागला एवढेच तुम्ही मोजता. हंडा तोच आणि धार तीच, तर वेळही दर खेपेला तोच. एके दिवशी वेळ जास्त लागला तर तुम्ही म्हणाल, 'हंड्यात आज काही तरी फरक आहे. तो मोठा झालेला दिसतो.' हंडा डोळ्यांनी पाहण्याची गरज पडली नाही, घड्याळाने सांगितले.

तांब्याची चकती हा आपला हंडा. तिच्यात पाण्याऐवजी विद्युतभार भरतो. कोणत्याही धातूच्या तुकड्यात थोडासा भार मावतोच. किती मावतो याला त्याची धारिता म्हणतात. रेझिस्टर हा बारीक नळ. रोध जितका मोठा तितकी धार बारीक. आता चकतीवर प्लॅस्टिकचा पातळ तुकडा ठेवून त्यावर बोट टेकले, की काय होते? माणसाचे शरीर वीजवाहक आहे. एका बाजूला तांबे, दुसऱ्या बाजूला बोट आणि मध्ये प्लॅस्टिक, असा एक छोटा कॅपॅसिटर तयार होतो. म्हणजे आपला हंडा थोडा मोठा होतो आणि भरायला अधिक वेळ घेतो. स्पर्श ओळखणे म्हणजे एवढेच, वाढलेला वेळ ओळखणे.

हा फरक किती, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. दहा रुपयांच्या नाण्याएवढी चकती, तिची आखूड तार आणि मायक्रोकंट्रोलरची पिन मिळून धारिता साधारण १५ पिकोफॅराड धरू. अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकवरून बोट टेकले की तीत सुमारे ५ पिकोफॅराडची भर पडते. तुमच्या घरच्या छताच्या पंख्याला जो कॅपॅसिटर असतो तो बहुधा अडीच मायक्रोफॅराडचा असतो. बोटाने पडलेली भर त्याचा पाच लाखावा भाग आहे. इतकी सूक्ष्म भर मोजायला महागडे उपकरण लागेल असे वाटते. पण आपण भर मोजतच नाही, वेळ मोजतो. आणि वेळ मोजण्यात मायक्रोकंट्रोलर फार तरबेज. आर्डुइनो उनो या साध्या पाटीवरचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते.

आता जोडणी. चकती तांबे चढविलेल्या सर्किट बोर्डाच्या तुकड्यातून कापावी, म्हणजे तिला तार डाखता येते. तारेचे दुसरे टोक आर्डुइनोच्या २ क्रमांकाच्या पिनेला जोडावे. त्याच पिनेपासून ५ व्होल्टच्या पिनेपर्यंत १ मेगॅओहमचा, म्हणजे दहा लाख ओहमचा रेझिस्टर लावावा. त्याच्या अंगावरचे पट्टे तपकिरी, काळा, हिरवा असे असतात. यातून फार तर ५ मायक्रोअँपियर प्रवाह वाहतो, तेव्हा मुलांना धक्का बसण्याचे भय नाही. उलट, मुलांच्या अंगावरच्या स्थिर विजेने पिनेला इजा होऊ नये म्हणून चकती उघडी न ठेवता प्लॅस्टिकखाली ठेवावी.

मायक्रोकंट्रोलरने करायचे काम असे. प्रथम पिन शून्य व्होल्टला धरून चकती रिकामी करायची. मग पिन सोडून द्यायची, म्हणजे ती आता फक्त पाहणारी झाली. रेझिस्टरमधून चकती भरू लागते. पिनेवरचा दाब सुमारे निम्म्यावर, म्हणजे अडीच व्होल्टच्या आसपास आला, की मायक्रोकंट्रोलर तिला 'एक' असे वाचतो. तोवर मनात एक, दोन, तीन असे मोजत राहायचे. भाषणात प्रोग्राम वाचून दाखवण्यात अर्थ नाही. पुस्तिकेच्या वाचकांसाठी तो येथे दिला आहे.

```
long mojani() {
  long berij = 0;
  for (int i = 0; i < 64; i++) {
    PORTD &= ~4;
    DDRD |= 4;
    delayMicroseconds(10);
    int n = 0;
    noInterrupts();
    DDRD &= ~4;
    while (!(PIND & 4) && n < 1000) n++;
    interrupts();
    berij += n;
  }
  return berij;
}
```

यातला `4` हा आकडा २ क्रमांकाच्या पिनेची खूण आहे. `DDRD |= 4` या ओळीने पिन शून्याला धरली जाते आणि `DDRD &= ~4` या ओळीने ती सोडली जाते. `while` ची ओळ म्हणजे मनातले मोजणे.

आता एक हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे. रोध आणि धारिता यांचा गुणाकार केला की वेळ मिळतो. १ मेगॅओहम गुणिले १५ पिकोफॅराड म्हणजे १५ मायक्रोसेकंद. निम्म्या दाबापर्यंत पोचायला याचा सुमारे सात दशांश, म्हणजे साडेदहा मायक्रोसेकंद लागतात. बोट टेकले की धारिता २० पिकोफॅराड होते आणि वेळ १४ मायक्रोसेकंद. आपल्या प्रोग्रामच्या एका मोजणीला साधारण अर्धा मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे बोट नसताना २१ आणि बोट असताना २८. फरक फक्त सातचा! एखादी मोजणी इकडेतिकडे झाली तरी गोंधळ होईल. म्हणून हेच मोजणे ६४ वेळा करून बेरीज घ्यायची. आता बोट नसताना सुमारे १३४०, आणि बोट असताना १७९०. फरक ४५० चा झाला. एखाददुसरी मोजणी चुकली तरी बेरजेत ती बुडून जाते. तुमच्या पाटीवर हे आकडे निराळे येतील. तार लांब असली, प्लॅस्टिक जाड असले की बदलतील. पण बोटाने आकडा वाढतो, हे बदलणार नाही.

प्लॅस्टिकच्या जाडीची गोष्ट मात्र मुलांकडून करून घ्यावी. अर्ध्या मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा ठेवला, म्हणजे जाडी सहापट केली, तर बोटाची भर सुमारे एक षष्ठांश उरते. ४५० च्या जागी जेमतेम पाऊणशेचा फरक दिसेल. पाठ्यपुस्तकातला जाडी आणि धारिता यांचा व्यस्त संबंध मुलांना असा बोटाखाली सापडतो.

आता रेघ कोठे ओढायची? फरकाच्या मध्यावर ओढावी. १३४० अधिक २२५, म्हणजे १५६५ च्या वर गेले की 'स्पर्श झाला' म्हणावे. पण सुटला केव्हा म्हणायचे? तीच रेघ ठेवली तर आकडा रेघेवर थरथरला की घंटा टर्रटर्र वाजते. म्हणून सुटण्याची रेघ खाली, १४५० च्या आसपास ठेवावी.

इथवर सारे सोपे. खरी शिकवण पुढे आहे. खेड तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही अशी चकती व्हरांड्यात बसवली होती. तिच्यावर हात ठेवला की तासाची घंटा वाजे. पहिली अडचण पहिल्याच दिवशी आली. गुरुजींनी आदल्या रात्री घरी सगळे तपासून पाहिले होते. लॅपटॉप तीन पिनांच्या प्लगवर होता आणि घंटा बिनचूक वाजत होती. शाळेत लॅपटॉप बॅटरीवर चालवला, तर हात ठेवला तरी घंटा मुकी. मुले हसू लागली.

दोष जोडणीत नव्हता. चकतीतला भार बोटात उतरायचा, तर त्याला परतीची वाटही हवी. बोट, शरीर, जमीन आणि जमिनीतून पुन्हा आपल्या सर्किटचे ऋण टोक, असा तो फेरा आहे. घरी प्लगच्या तिसऱ्या पिनेतून सर्किट जमिनीला जोडलेले होते. शाळेत बॅटरीवर ते अधांतरी झाले. परतीची वाट अरुंद झाली, म्हणून बोटाची भरही घटली. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एक हात चकतीवर ठेवून दुसऱ्या हाताचे बोट आर्डुइनोच्या जीएनडी पिनेला लावावे. आकडा एकदम उसळला, तर उणीव परतीच्या वाटेची आहे असे समजावे. उपाय म्हणून आम्ही चकतीभोवती तांब्याचे एक कडे बसवले आणि ते जीएनडीला जोडले. हाताचा तळवा चकती आणि कडे दोहोंवर पडतो आणि वाट तिथल्या तिथे पुरी होते. कडे चकतीला खेटून मात्र नसावे. चार-पाच मिलिमीटरचे अंतर ठेवावे, नाही तर मुळातला हंडाच मोठा होतो आणि बोटाची भर त्यात नगण्य ठरते.

दुसरी अडचण श्रावणात आली. सकाळी भुरभुर पाऊस होता. कोणी जवळ नसताना घंटा वाजू लागली आणि थांबेना. पोरांनी दप्तरे आवरायला घेतली! गुरुजींनी शांतपणे चकती पुसली, तशी घंटा थांबली. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. मग आम्ही मोजणीचे आकडे पडद्यावर पाहत बसलो. पाऊस नसताना १३४० च्या जवळपास असणारा आकडा मिनिटाभरात हळूहळू तीनशेने चढून रेघेपलीकडे जाई. चकती व्हरांड्याच्या लोखंडी खांबाला टेकून बसवली होती. प्लॅस्टिकवर पाण्याचा पापुद्रा पसरला आणि तो खांबापर्यंत पोचला. पाणी वाहक, खांब जमिनीत रोवलेला. म्हणजे तळव्याएवढे मोठे ओले बोटच चकतीवर कोणी ठेवल्यासारखे झाले.

यातून बोट आणि पाणी यांतला एक फरक हाती लागला. बोट आले की आकडा पापणी लवते तोवर चढतो. पापुद्रा पसरतो तो सावकाश. तेव्हा १३४० हा आकडा प्रोग्राममध्ये कायमचा लिहून ठेवू नये. तो चालता ठेवावा. दर दशांश सेकंदाला पाहावे: स्पर्श नसताना मोजणी आधारापेक्षा जास्त असेल तर आधार एकाने वाढवावा, कमी असेल तर एकाने घटवावा. मिनिटाला सहाशेपर्यंत तो सरकू शकतो, म्हणून पापुद्र्याच्या तीनशेला तो पुरून उरतो. बोटाच्या ४५० ला मात्र तो गाठू शकत नाही. आणि तीस सेकंदांहून अधिक काळ स्पर्श चालूच राहिला, तर तो माणसाचा नव्हे असे मानून आधार नव्याने घ्यावा. एवढे केले, चकती खांबापासून वीतभर दूर नेली आणि पागोळीखालून काढून उभी बसवली. मग भुरभुर पावसात घंटा गप्प राहिली. बादलीभर पाणी एकदम ओतले तर ती अजूनही फसते, हे मात्र कबूल केले पाहिजे. एकदम आलेले पाणी आणि एकदम आलेला हात यांत घड्याळाला भेद दिसत नाही.

श्रोते हो, हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे. चकती बोट ओळखत नाही. भरायला वेळ जास्त लागला, एवढेच तिला कळते. तो बोटाने लागला, पाण्याने लागला, की आणखी कशाने, याचा निवाडा आपण प्रोग्राम लिहून करतो, आणि तो निवाडा चुकू शकतो.

आता आपलाच प्रोग्राम पुन्हा पाहा. त्यात `n < 1000` अशी हद्द घातली आहे. ती नसती तर चकती भरलीच नाही की यंत्र तिथेच मोजत अडकून पडले असते. पण समजा रेझिस्टरचे एक टोक निसटले. नळच बंद, हंडा भरणार कसा? मोजणी हद्दीला जाऊन थडकेल, ६४ वेळा हजार म्हणजे ६४००० होतील. आपली रेघ १५६५ ची. ६४००० तिच्या कितीतरी वर! प्रोग्राम म्हणेल, 'स्पर्श झाला.' तार तुटली आणि यंत्र 'हो' म्हणाले. उलट, चकतीची तार पिनेजवळ तुटली तर हंडा लहान होतो, आकडा घसरतो आणि यंत्र 'नाही' म्हणत राहते. एकाच पाटीवरचे हे दोन बिघाड, पण एक निरुपद्रवी आणि दुसरा घातक. घंटेपुरता उपाय म्हणून हद्दीजवळचा आकडा दिसला की त्याला स्पर्श न म्हणता बिघाड म्हणावे आणि लाल दिवा लावावा.

आणि आता प्रेसकडे परत येऊ. आपल्या भागात घरामागे शेड टाकून, जुना प्रेस घेऊन सुटे भाग ठोकून देणारे कारागीर आहेत. आयटीआय झालेला एखादा हुशार मुलगा हे भाषण ऐकून म्हणेल, 'दोन चकत्या लावू, दोन्ही हात टेकले की प्रेस खाली.' त्याला माझे हात जोडून सांगणे आहे की बाबा, हे करू नकोस. प्रेसवर दोन हातांची बटणे असतात ती प्रेस चालू करण्याच्या सोयीसाठी नव्हेत. साचा मिटत असताना दोन्ही हात बाहेर असावेत, यासाठी ती असतात. कारखान्यातली ती स्पर्शाची बटणे बाहेरून आपल्या चकतीसारखी दिसतात, पण आतली व्यवस्था निराळी असते. तिथे एकाच तारेच्या आणि एकाच प्रोग्रामच्या शब्दावर विश्वास ठेवलेला नसतो. दोन स्वतंत्र वाटा एकमेकींना तपासतात. दोन्ही हात अर्ध्या सेकंदाच्या आत टेकले नाहीत तर प्रेस हलत नाही, आणि दोन्ही हात उचलल्याखेरीज पुढचा ठोका मिळत नाही. आतला एखादा भाग बिघडला तर उत्तर 'नाही' असेच यावे, अशी ती रचना असते.

आपल्या चकतीचे तसे नाही. प्रेसच्या टेबलावर तेल असते, पाणी मिसळलेले कूलंट असते, पत्र्याचे कातरे पडलेले असतात. एखादा कातरा एका चकतीवर पडला, तो यंत्राच्या अंगाला टेकला, की त्या चकतीचे उत्तर झाले 'हो'. आता कामगाराचा एक हात दुसऱ्या चकतीवर आहे आणि दुसरा साच्यात पत्रा सरळ करतो आहे. पुढे काय होईल ते मी सांगायला नको. आपल्या शाळेची घंटा चुकून वाजली तर मुलांनी दप्तरे आवरली आणि पुन्हा उघडली. गेलेली बोटे पुन्हा येत नाहीत.

म्हणून शिक्षकांना माझी एक सूचना आहे. हा प्रयोग वर्गात जरूर करा. चकती लागली, दिवा पेटला, एवढ्यावर मात्र थांबू नका. मुलांना पाण्याचे चार थेंब टाकायला सांगा, रेझिस्टर उपटायला सांगा, लॅपटॉप बॅटरीवर घ्यायला सांगा, आणि प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहायला सांगा. मग विचारा: यांपैकी कोणत्या वेळी चकती खोटे 'हो' म्हणाली? आणि ते खोटे 'हो' घंटेला चालेल का, दिव्याला चालेल का, प्रेसला चालेल का? तुमच्या वर्गातली काही मुले चार-पाच वर्षांत चाकणच्या फाटकातून आत जातील. यंत्रावरची दोन बटणे का आहेत, आणि त्यांतले एक चिकटपट्टी लावून दाबून ठेवू नये, हे त्यांना त्या वहीतल्या आकड्यांवरून आधीच ठाऊक असेल.